स्टेशनरी दुकानाच्या मालकांना अर्धवेळ बिलिंग व साठा-नोंदीच्या कामासाठी पत्र : मसुदा पाहून मत द्यावे

तिकटीवरचा_वाचक (धागाकर्ता)

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली आहे. पूर्णवेळ नोकरी अद्याप मिळालेली नाही. सकाळी अभ्यासिकेत असतो, दुपारनंतरचा वेळ मोकळा असतो.

मिरजकर तिकटीहून महाद्वार रोडकडे जाताना एक जुने स्टेशनरीचे दुकान लागते. साठीच्या आसपासचे मालक स्वतः गल्ल्यावर बसतात आणि काउंटरवर एक मुलगा असतो. बिले कार्बनच्या पुस्तकावर हाताने लिहिली जातात. मागच्या टेबलावर संगणक आहे, पण त्यावर बहुधा कापड टाकलेले असते. गिऱ्हाईक एखादी विशिष्ट वही मागते तेव्हा मुलगा माळ्यावर चढून पाहतो आणि मगच वही आहे की नाही ते सांगतो. दुकानावर ‘कामास मुलगा पाहिजे’ अशी पाटी नाही. तरीही तेथे बिलिंग आणि साठ्याच्या नोंदींचे अर्धवेळ काम मला करता येईल असे वाटते. म्हणून पत्र लिहून स्वतः नेऊन देण्याचा विचार आहे. मसुदा असा :

*महोदय, मी वाणिज्य पदवीधर असून मला टॅली व एक्सेलचे चांगले ज्ञान आहे. आपल्या दुकानातील प्रत्येक विक्रीचे संगणकीय जीएसटी बिल तयार करणे, संपूर्ण साठ्याची नोंद ठेवणे व हिशेब अद्ययावत करणे ही कामे मी प्रामाणिकपणे करीन. मानधन आपण ठरवाल ते मला मान्य राहील. कृपया एक संधी द्यावी, ही नम्र विनंती.*

हे पत्र वाचून मालक मला बोलावतील का, आणि नसतील बोलावणार तर त्यात काय कमी आहे, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

---

कागदवाला

राजारामपुरीत आमचे स्टेशनरीचे दुकान आहे, आता मुलगा पाहतो. अशी पत्रे मला बरीच आली आहेत, त्यामुळे गल्ल्यावर बसणारा माणूस ती कशी वाचतो ते सांगतो.

तुमच्या पत्रात तुम्ही कोण आहात हे आहे, पण माझ्या दुकानात तुम्ही काय पाहिलेत ते नाही. इथे धाग्यात मात्र तुम्ही लिहिले आहे की मुलगा माळ्यावर चढून मग सांगतो. हेच वाक्य पत्रात असते तर मी चष्मा नीट करून पुढे वाचले असते, कारण माझी रोजची अडचण तीच आहे. ‘टॅलीचे चांगले ज्ञान’ हे कोणीही लिहितो आणि ते तपासण्याइतके ज्ञान मालकाला असतेच असे नाही.

दुसरी गोष्ट खरेदीदराची आहे. साठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या हातात वितरकांची बिले येतात, म्हणजे कोणती वही मला कितीला पडते आणि कोणत्या पेनवर किती सुटतात हे सगळे त्याला कळते. शेजारच्या दुकानदाराला हे कळू नये अशी प्रत्येकाची इच्छा असते. ‘संपूर्ण साठ्याची नोंद ठेवीन’ असे अनोळखी पदवीधराने लिहिले की मालकाच्या मनात पहिला विचार हाच येतो. त्यामुळे सुरुवातीला फक्त नगांची नोंद ठेवण्याची तयारी दाखवा. आले किती, गेले किती, उरले किती, एवढ्यासाठी दर लागत नाही. दराचा रकाना मालकांनी नंतर स्वतः भरावा किंवा विश्वास बसल्यावर तुम्हाला सांगावा.

आणि ‘संपूर्ण’ हा शब्द काढाच. स्टेशनरीच्या छोट्या दुकानातसुद्धा हजारभर प्रकारचा माल असतो. रिफिलच्याच किती तऱ्हा असतात ते मोजून पाहा. दुकान चालू असताना एकट्याने, अर्धवेळात, सगळ्याची नोंद पहिल्या महिन्यात होत नाही, आणि अर्धवट राहिलेली नोंद ही मुळीच नसलेल्या नोंदीपेक्षा जास्त त्रास देते, कारण तिच्यावर विश्वास ठेवून माल मागवला जातो. फक्त वह्यांपासून सुरुवात करतो असे लिहा. वह्या मोजायला सोप्या असतात, त्यांत पैसा जास्त अडकलेला असतो आणि जूनमध्ये शाळा उघडताना दुकान चालते ते वह्यांवरच.

---

कोथरूडहून

माझे मत वेगळे आहे. पदवीधर माणसाने दुकानात कशासाठी बसायचे? पुण्याला या. नोकरीच्या संकेतस्थळांवर नाव नोंदवा, बायोडेटा एका पानात बसवा आणि वर स्वतःविषयी चार ओळी इंग्रजीत लिहा. हाताने नेऊन दिलेले पत्र आजकाल कोणी वाचत नाही.

---

तिकटीवरचा_वाचक

आपल्या सूचनेबद्दल आभार. घरच्या परिस्थितीमुळे सध्या कोल्हापूर सोडता येत नाही, आणि हा अर्ज पूर्णवेळ नोकरीसाठी नाही. ज्यांना पत्र द्यायचे आहे ते मालक स्वतः दुकानात बसतात, त्यामुळे ते पत्र तेथेच वाचतील.

कागदवाला काका, नगांची नोंद दराशिवाय ठेवायची ही गोष्ट मला सुचली नव्हती. ती पत्रात घेतो.

---

शाहूपुरीचा_हिशेब

मी एका ट्रेडिंग फर्ममध्ये हिशेब पाहतो, म्हणून बिलिंगविषयी लिहितो. जीएसटी कायद्याप्रमाणे प्रत्येक विक्रीचे बिल झालेच पाहिजे, मग ती दहा रुपयांच्या पेनची का असेना. मालक हाताने बिले करतात आणि बहुतेक किरकोळ विक्रीची करतही नसतील. तुम्ही पत्रात स्पष्ट लिहा की प्रत्येक विक्रीचे बिल न केल्यास दंड होऊ शकतो आणि मी ते काम करून देईन. भीती दाखवली की मालक लगेच हलतात.

दुसरे असे की 22 सप्टेंबर 2025 पासून वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. तेव्हा वह्यांची नोंद करण्यात वेळ घालवू नका, पेनांपासून सुरुवात करा. ज्यावर कर नाही त्याचा हिशेब कोण विचारतो?

---

करकचेरी_ताई

मी शाहूपुरीतच एका कर सल्लागारांच्या कार्यालयात काम करते. शाहूपुरीचा_हिशेब यांनी सांगितलेली तारीख आणि वह्यांचा दर दोन्ही बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष या दुकानाला लागू पडत नाहीत. ते तसेच पत्रात गेले तर मालक पत्र बाजूला ठेवतील, म्हणून सविस्तर लिहिते.

विक्री दोनशे रुपयांपेक्षा कमी असेल, घेणारा जीएसटी नोंदणीकृत नसेल आणि तो बिल मागत नसेल, तर प्रत्येक विक्रीचे वेगळे बिल करण्याची सक्ती नाही. अशा सगळ्या विक्रीचे दिवसाअखेर एकच एकत्रित बिल केले की पुरते. एक पेन आणि दोन खोडरबर नेणाऱ्या पोरासाठी संगणकासमोर बसणे दुकानाला परवडणार नाही, आणि कायद्यालाही ते नको आहे. मात्र गिऱ्हाइकाने मागितले तर बिल दिलेच पाहिजे, रक्कम कितीही असो. रोज संध्याकाळी हे एकत्रित बिल नीट तयार करणे हे काम अर्धवेळ येणाऱ्या माणसाला अगदी योग्य आहे, आणि बऱ्याच दुकानांत नेमके तेच राहून जाते. दिवसभराची रक्कम गल्ल्यातून मोजली जाते, पण तिच्यात कोणता माल किती गेला हे कोणी लिहीत नाही.

आता वह्या. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी शाळेच्या वह्यांवर 12 टक्के कर होता, तो शून्य झाला. पेन्सिल, खोडरबर आणि शार्पनरही शून्यावर आले. कंपासपेटी 12 वरून 5 टक्क्यांवर आली. पेन 18 टक्क्यांवरच राहिले, आणि हिशेबाची रजिस्टरे व डायऱ्याही 18 टक्क्यांवरच आहेत. म्हणजे एकाच मांडणीवर शेजारी शेजारी ठेवलेली शाळेची वही आणि हिशेबाचे रजिस्टर यांचा दर वेगळा आहे. कोणी जुन्या दराने बिल करत असेल तर चूक होते, आणि कोणी ‘कागदाचे सगळे शून्य झाले’ असे समजला तरीही चूक होते.

करमुक्त मालाचा हिशेब कोणी विचारत नाही हे म्हणणे खरे नाही. करमुक्त विक्रीही विवरणात दाखवावी लागते. मालक लहान व्यापाऱ्यांसाठीच्या कॉम्पोझिशन योजनेत असतील तर ही विभागणी आणखी महत्त्वाची ठरते, कारण व्यापाऱ्याला त्या योजनेत 1 टक्का कर भरावा लागतो तो करपात्र विक्रीवर. वह्या आणि पेन यांची विक्री वेगळी लिहिलेली नसेल तर दुकानदार एकूण गल्ल्यावर कर भरून मोकळा होतो, म्हणजे वह्यांवरही नाहक भरतो. जूनमध्ये वह्यांचीच विक्री मोठी असते.

यातून पत्रासाठी एक मुद्दा निघतो. मालक कोणत्या पद्धतीत आहेत हे आधी पाहून घ्या. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. दोनशेच्या वरची खरेदी करून बिल मागा. वर ‘बिल ऑफ सप्लाय’ असेल आणि ‘कॉम्पोझिशन करदाता, पुरवठ्यावर कर आकारण्यास पात्र नाही’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ते कॉम्पोझिशनमध्ये आहेत. दुकानाच्या पाटीवरही तसे लिहिणे बंधनकारक आहे. अशा दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. त्याला ‘प्रत्येक विक्रीचे जीएसटी बिल करून देईन’ असे लिहिणे म्हणजे त्याच्या धंद्याची काहीच माहिती नाही असे सांगणे होय.

दंडाची भीती पत्रात अजिबात नको. अनोळखी मुलगा दारात येऊन तुमच्या हिशेबात दोष आहे असे म्हणतो, तेव्हा त्याला आत घेण्याची इच्छा कोणालाच होत नाही.

---

शाहूपुरीचा_हिशेब

ताई, दोनशेचा नियम मला माहीत नव्हता असे नाही, आमच्याकडे सगळी विक्री नोंदणीकृत व्यापाऱ्यांना होत असल्यामुळे तो कधी वापरावा लागत नाही. पण एक शंका राहते. एखाद्याने वह्या आणि पेन एकत्र घेतले तर दोन बिले करायची का? कारण करपात्र मालाला टॅक्स इन्व्हॉइस लागते आणि करमुक्ताला बिल ऑफ सप्लाय.

---

करकचेरी_ताई

नेहमीच्या पद्धतीत असलेल्या दुकानदाराने नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला दोन्ही प्रकारचा माल एकत्र विकला तर ‘इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय’ असे एकच बिल चालते. दोन बिले करण्याची गरज नाही. कॉम्पोझिशनमध्ये असेल तर सगळ्याचे बिल ऑफ सप्लायच होते.

---

गडहिंग्लजकर

मी असेच पत्र देऊन एका औषध दुकानात लागलो होतो. बिलिंग आणि मुदत संपत आलेल्या मालाची यादी एवढेच काम ठरले होते. पण ते तोंडी ठरले होते. पंधरवड्यात मी सायकलवरून औषधे पोहोचवू लागलो, मग सकाळी शटर उघडण्याची जबाबदारी आली आणि यादीचे काम रात्री घरी बसून करावे लागले. मालक वाईट नव्हते. हाताशी माणूस आहे म्हटल्यावर त्याला जे समोर येईल ते सांगितले जाते. शेवटी यादीत दोन कंपन्यांचा मुदत संपलेला माल परत पाठवायचा राहिला आणि त्याचा ठपका माझ्यावर आला.

म्हणून म्हणतो, पत्रात वेळ लिहा. ‘दुपारी 2 ते 5’ असे लिहिले की त्या वेळेत काय होऊ शकते हे मालकालाही समजते.

---

कागदवाला

गडहिंग्लजकरांचे बरोबर आहे, आणि दुपारची वेळ स्टेशनरीला सोयीचीही आहे. शाळा सुटल्यावर संध्याकाळी गर्दी होते, त्या वेळी मोजणी करायला गेलात तर मुलाच्या पायात येता. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असते, तेव्हा माळा, मांडणी आणि काउंटरखालचे कप्पे शांतपणे मोजता येतात.

आता मोजणी म्हणजे नेमके काय, ते आमच्या दुकानात घडलेल्या एका प्रकारावरून सांगतो. तुम्ही हे समजून पत्रात दोन ओळींत लिहू शकलात तर बाकीची पदवी बाजूला ठेवली तरी चालेल.

लाँग बुक वह्यांचा एक प्रकार घेऊ. महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजल्या तेव्हा 51 नग होते. महिन्यात वितरकाच्या बिलाने 144 आल्या, म्हणजे एकूण 195. बिलांच्या पुस्तकावरून आणि रोजच्या विक्रीच्या वहीवरून 118 गेल्याचे दिसले. म्हणजे 77 उरायला हव्या होत्या. मोजल्या तर 48 निघाल्या. 29 वह्या कमी.

अशा वेळी मालकाचे डोळे सगळ्यात आधी काउंटरवरच्या मुलाकडे वळतात. माझेही वळले होते, पण त्याला काही बोलण्याआधी सगळे कागद काढले. वितरकाची स्कीम होती, बारावर एक मोफत. म्हणजे 144 वर 12 वह्या जास्त आल्या होत्या. बिलात त्या रकमेत नव्हत्या, खाली बारीक अक्षरात फक्त नग लिहिले होते, आणि आमच्या आवकेच्या नोंदीत त्या चढल्याच नव्हत्या. म्हणजे आवक 156 झाली, एकूण 207, आणि उरायला हव्या होत्या 89. तूट 29 ची नसून 41 ची निघाली. मोफत मालाने तुटीचा एक भाग झाकून ठेवला होता.

मग चलनांची फाईल पाहिली. एका क्लासवाल्यांनी 40 वह्या नेल्या होत्या. चलनावर सही होती, पण महिनाअखेरीस एकदम बिल करू म्हणून बिल व्हायचे राहिले होते. उधारीच्या वहीतही नोंद नव्हती. 41 मधून त्या 40 वजा केल्या की राहते एक. ती एक वही पावसात भिजली असेल, कोणाला बदलून दिली असेल, किंवा माझ्याच नातवाने उचलली असेल. एका वहीसाठी मी माणसावर संशय घेत नाही. पण 40 वह्यांचे पैसे मात्र मला आणखी दोन महिने मिळाले नसते.

पाहा, चूक मोजणीत नव्हती आणि चोरीही नव्हती. तीन कागद तीन ठिकाणी होते आणि ते एकमेकांशेजारी कोणी ठेवले नव्हते. तुम्ही जे काम देऊ करता आहात ते हेच आहे.

एक तांत्रिक खबरदारी घ्या. खरेदी डझनाने, गठ्ठ्याने किंवा ग्रोसने होते आणि विक्री नगाने. नोंद कायम नगात ठेवा. वह्यांचा गठ्ठा सहाचाही असतो आणि बाराचाही. पेनांचा डबा दहाचाही येतो आणि पन्नासचाही. ‘5 डबे शिल्लक’ ही नोंद वाचून कोणालाच काही कळत नाही.

---

पेठेतली_वाचक

धागा वाचते आहे. पत्रात मानधन ‘आपण ठरवाल ते’ असे लिहिले आहे, त्याविषयी कोणीच बोलले नाही. माझ्या मते ते काढावे. असे लिहिले की देणारा कमीत कमी देतो, आणि घेणाऱ्याच्या मनात नाराजी राहून जाते. तासाप्रमाणे एक आकडा स्वतःच लिहावा.

---

कागदवाला

माझे उलट मत आहे. पहिल्या पत्रात आकडा आला की मालक आधी आकडाच वाचतो. मी असतो तर काम पाहून बोलावले असते आणि समोरासमोर बसून ठरवले असते.

---

पेठेतली_वाचक

काका, समोरासमोर बसल्यावर साठीच्या मालकांसमोर बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा काय बोलणार? तुमच्यासारखे सगळेच नसतात. आकडा नको असेल तर निदान चाचणीचा काळ किती आणि तो संपल्यावर मानधनाविषयी बोलणी होतील, एवढे लेखी असावे.

---

तिकटीवरचा_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. दुकानात जाऊन काही साहित्य घेतले आणि बिल मागितले. बिल ऑफ सप्लाय आहे आणि पाटीच्या कोपऱ्यात कॉम्पोझिशनची ओळही आहे, ती आजवर माझ्या नजरेत आली नव्हती. मानधनाच्या बाबतीत पेठेतली ताईंची शेवटची सूचना घेतली आहे. नवा मसुदा असा आहे :

*प्रति,*
*मा. मालक,*
*(दुकानाचे नाव), महाद्वार रोड, कोल्हापूर.*

*विषय : दुपारच्या वेळेत साठ्याच्या नोंदी व बिलांच्या कामासाठी विनंती.*

*महोदय,*

*मी आपल्या दुकानाचा शालेय वयापासूनचा ग्राहक असून जवळच राहतो. वाणिज्य शाखेची पदवी मी पूर्ण केली आहे. दुकानात कामास माणूस हवा असल्याची पाटी नसताना हे पत्र देत आहे, त्याबद्दल क्षमस्व.*

*एखादी विशिष्ट वही मागितली असता ती शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी आपल्या मदतनिसास माळ्यावर चढावे लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे. वह्यांच्या प्रत्येक प्रकाराची आवक, विक्री आणि शिल्लक यांची नोंद काउंटरवर एका वहीत राहिली, तर ही खेप वाचेल आणि जूनपूर्वी कोणता प्रकार किती मागवायचा हेही ठरवता येईल. ही नोंद सुरू करून ती नियमित ठेवण्याचे काम मी करू इच्छितो.*

*सुरुवात फक्त वह्यांपासून करावी, असे मला वाटते. सर्व नोंदी नगांत ठेवीन. वितरकाकडून स्कीममध्ये आलेले मोफत नग आवकेत वेगळे दाखवीन आणि चलनावर गेलेला पण बिल व्हायचा असलेला माल वेगळ्या पानावर लिहीन. दर आठवड्याला एका प्रकाराची प्रत्यक्ष मोजणी करून नोंदीशी ताळा घेईन आणि फरक आढळल्यास तो प्रथम आपल्यालाच दाखवीन. या कामासाठी मला खरेदीचे दर पाहण्याची आवश्यकता नाही. वितरकाच्या बिलातील नग आपण सांगितले तरी पुरेसे आहे.*

*बिलांच्या बाबतीत, दोनशे रुपयांहून कमी असलेल्या किरकोळ विक्रीचे दिवसाअखेरचे एकत्रित बिल मी तयार करून देऊ शकेन. त्यात करमुक्त माल, म्हणजे शाळेच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर व शार्पनर यांची विक्री आणि करपात्र मालाची विक्री वेगळी दाखवीन, जेणेकरून आपल्या कर सल्लागारांना तिमाहीचा हिशेब करताना ती विभागणी तयार मिळेल. गल्ला व रोख रक्कम यांच्याशी माझा संबंध असू नये, अशी माझीच विनंती आहे.*

*मी रविवार सोडून रोज दुपारी 2 ते 5 या वेळेत येऊ शकतो. पहिला एक महिना चाचणी म्हणून पाहावा आणि तो संपल्यावर काम योग्य वाटल्यास मानधन व पुढील काळ यांविषयी बोलणी करावीत, अशी विनंती आहे. जून महिन्यात शाळा सुरू होण्याच्या काळात मी उपलब्ध राहीन, याची खात्री देतो.*

*आपण सांगाल त्या वेळी भेटण्यास येईन.*

*आपला विश्वासू,*
*(नाव, पत्ता, दूरध्वनी)*

---

करकचेरी_ताई

मसुदा चांगला उतरला आहे. एकच बदल सुचवते. एकत्रित बिल ‘तयार करून देईन’ याऐवजी ‘आपल्या कर सल्लागारांच्या पद्धतीप्रमाणे तयार करून देईन’ असे लिहा. त्यांचा सल्लागार आधीपासून काही वेगळा नमुना वापरत असेल, आणि त्याला डावलून नवी पद्धत आली तर तोच पहिला विरोध करील. शिवाय तुम्ही दुपारी 5 वाजता निघणार आणि दुकान रात्री बंद होणार. मग त्या दिवशीचे बिल तुम्ही कधी करणार?

---

तिकटीवरचा_वाचक

ताई, याचा विचार माझ्याकडून झाला नव्हता. 5 नंतरची विक्री मुलाने कच्च्या वहीत लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी आदल्या दिवसाच्या तारखेचे बिल करावे, हे चालेल का?

---

करकचेरी_ताई

दिवसाचे बिल त्याच दिवशी बंद होणे योग्य. कच्ची वही दोन रकान्यांची करा, एकात करमुक्त आणि एकात करपात्र, आणि मालकांनी गल्ला मोजताना दोन्ही बेरजा करून एकत्रित बिलाच्या पानावर आकडे टाकावेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही त्या बेरजा तपासा आणि वह्यांचे नग साठ्याच्या वहीत उतरवा. मुलगा गर्दीत कोणती वही गेली ते लिहील की नाही, हा मात्र प्रश्नच आहे.

---

कागदवाला

लिहिणार नाही. संध्याकाळी सहा वाजता काउंटरवर आठ-दहा पोरे उभी असतात, प्रत्येकाला आधी हवे असते, आणि त्यात मुलाने वहीचा प्रकार लिहावा ही अपेक्षा फोल आहे. आमच्याकडे उपाय असा केला की प्रत्येक प्रकाराच्या वह्या सकाळी मोजूनच काउंटरवर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी काय उरले ते मोजायचे. फरक म्हणजे विक्री. माळ्यावरून मध्येच नवा गठ्ठा काढला तर तेवढी एकच चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला लावायची. दहा-बारा प्रकारांना हे जमते.

---

शाहूपुरीचा_हिशेब

काका, या पद्धतीत वही विकली गेली की हरवली हे कसे कळणार? फरक म्हणजे विक्री असे धरले तर तूट कधीच दिसणार नाही.

---

कागदवाला

शंका रास्त आहे. काउंटरवरच्या वह्यांपुरती तूट या पद्धतीत दिसत नाही, हे मान्य आहे. गल्ल्यातल्या रकमेशी जुळवून अंदाज येतो, पण पेन-पेन्सिलींची रक्कम त्यातच मिसळलेली असल्यामुळे नेमके कळत नाही. माळ्यावरच्या साठ्याची नोंद मात्र पक्की राहते, आणि माल मागवायला तीच लागते.

---

गडहिंग्लजकर

जूनमध्ये उपलब्ध राहण्याची खात्री दिली आहे, पण स्पर्धा परीक्षेची तारीख जूनमध्ये आली तर? ते आधीच सांगितलेले बरे.

---

तिकटीवरचा_वाचक

परीक्षेचा दिवस आणि त्याच्या आदला दिवस वगळून, असे त्या वाक्यात घालतो. एकत्रित बिलाच्या परिच्छेदात ताईंनी सांगितलेला बदल केला आहे, आणि काकांची खिळ्याची पद्धत पत्रात न लिहिता मालकांनी बोलावले तर समोर मांडीन. सोमवारी दुपारी अडीचच्या सुमारास, गर्दी नसताना पत्र नेऊन देतो.